पुसलेल्या फायली

नवऱ्याला सोडल्यावर ताईने भाड्याचं घर मिळवायला आमच्याच कंपनीच्या साइटवर सध्या राहते त्या नव्या पत्त्याचं ओळखपत्र आणि सेल्फी व्हिडिओ चढवला. अर्ज मंजूर झाल्यावर तिला कळलं की भावजी तिथेच पडताळणी विभागात आहेत. त्यांना तिथे मीच, तिला न सांगता, नोकरीला चिकटवलं होतं. तिने रडत फोन केला आणि मी दोन्ही फायली त्याच दिवशी पुसल्या.

आज सकाळी सर्व्हर कोसळला. आम्ही जुन्या बॅकअपवरून सगळं परत आणलं. बॅकअप घेतला तेव्हा ताईचा अर्ज तपासायचा बाकी होता, त्यामुळे तिच्या फायलीही पडताळणीच्या रांगेत परत आल्या. अशा वेळी साइट उघडण्याआधी पुसलेल्यांची यादी चालवून त्या फायली पुन्हा पुसायच्या असतात. ते काम माझं. साहेब डोक्यावर बसले होते, म्हणून मी म्हटलं, साइट चालू करा, यादी जेवून आल्यावर चालवतो. माझ्या जिभेला हाड नाही.

जेवून आलो, यादी चालवली. ताईच्या फायली गेल्या. मग आठवलं. फाइल पुसली तरी ती कोणी उघडली, ही नोंद राहते.

नोंद पाहिली. एकच माणूस, भावजी. व्हिडिओ बारा सेकंदांचा होता. तो एकवीस मिनिटं उघडा होता, आणि ओळखपत्र त्याहून जास्त.

मी उठून पडताळणी विभागाकडे पाहिलं. भावजींचा स्क्रीन चालू होता. खुर्ची रिकामी होती.

ताईला लावलेला फोन वाजतोय. ती उचलत नाहीये.