पुसलेली आई

लातूरच्या एका खासगी कॉलेजात पत्रकारितेच्या फक्त चाळीस जागा होत्या आणि हदगावच्या हरिओमला त्यातली एक हवीच होती. नांदेडच्या चुलतबहिणीनं, शिल्पानं, त्याच्या काळजाचं पाणी केलं. "मुलाखतीआधी ते इन्स्टा बघतात म्हणं."

आता हरिओमचं इन्स्टा म्हणजे बघण्यासारखं होतंच. दुसऱ्याच्या बुलेटवर उसना गॉगल घालून दिलेल्या पोजा, चोरलेल्या शायऱ्या, आणि अकरावीत नापास झाल्यावर लिहिलेलं 'वाघ दोन पावलं मागं येतो'. ह्या साहेबांनी लातूरच्या बसमध्ये इन्स्टाचं 'युवर ॲक्टिव्हिटी' उघडून पुसायच्या पोस्ट निवडायला सुरुवात केली. गॉगल गेले, वाघ गेला. टॅग केलेले वाढदिवसाचे फोटो मित्रांचे होते, ते पुसता येईनात. नुसता टॅग काढून स्वारी गप्प बसली.

शेवटी आईचा व्हिडिओ आला. साखराबाई सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून सांगत होती, "कट्ट वाजलं की वाळलं. न्हाई वाजलं तर ओलं, मंग व्यापारी भाव पाडून लुटतोय, ध्यानात ठेव." डोक्यावर फाटका पदर, मागं शेळी. पत्रकार होणाऱ्या माणसाला हे शोभतं का? तोही गेला.

मुलाखतीत मॅडमनी त्याचा अर्ज काढला. 'स्वतःचं काम' या रकान्यात दोन महिन्यांपूर्वी ह्याच शहाण्यानं एक लिंक दिली होती. मॅडमनी ती उघडली. पान उपलब्ध नाही.

"यावरूनच तुम्हाला बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "चाळीस हजार लोकांनी पाहिलेला व्हिडिओ कुठं गेला?"

पुसलेलं तीस दिवस 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये राहतं, एवढं हरिओमला ठाऊक होतं. परवानगी मागून त्यानं तिथं जाऊन व्हिडिओ परत आणायचं बटण दाबलं, तर सहा आकडी कोड हवा होता. तो जाणार वैजनाथ काकांच्या नंबरवर, कारण खातं आठवीत त्यांच्याच फोनवर काढलेलं. त्यानं स्पीकरवर फोन लावला.

"ओटीपी कुणालाच द्यायचा न्हाई," काका ठाम होते. "बँकेत सांगितलंय."

"काका, मी हरिओम."

"आजकाल आवाज बी हुबेहूब काढून राहिलेत."

दोन मिनिटं त्यांनी पुतण्याला चोर ठरवलं. मग मागून साखराबाईचा आवाज आला, "आणा इकडं भाऊजी. माझ्या लेकराचा आवाज मला कळत न्हाई व्हय?" आणि तिनं एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला.

व्हिडिओ परत आला. मॅडमनी तो पूर्ण पाहिला.

"या कोण?"

"आई."

"मग पुसला कशाला?"

हरिओमनं टेबलावरच्या फोनकडं पाहिलं. काकांनी फोन ठेवला नव्हता. पलीकडं आई ऐकत होती. खोटं बोलायला पुष्कळ जागा होती आणि आजवर त्यानं ती कधी सोडली नव्हती.

"लाज वाटली मॅडम," तो म्हणाला. "तिची."



"असू दे," फोनमधून साखराबाई म्हणाली. "आता नीट बोल त्यांच्याशी."