साडेसातशे मिलिलिटर

ताईच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा धाकटा दीर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "दादा, माझं एक घे. एकावर माझं मजेत चालेल." त्या शब्दावर तिनं चार महिने काढले. तिचा स्वतःचा भाऊ पुढे आला, तर त्यालाही तिनं थांबवलं.

ताई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतच तंत्रज्ञ होती. अखेर दिराच्या तपासणीचे आकडे तिच्यासमोर आले. स्नायूंतून रोज ठरावीक निघणारं आणि मूत्रपिंडानं गाळून टाकायचं क्रिएटिनिन लघवीत डेसिलिटरला शंभर मिलिग्रॅम, रक्तद्रवात ०.९. चोवीस तास कॅनमध्ये धरलेली लघवी साडेसातशे मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ०.५२. शंभरला ०.५२ ने गुणलं, ०.९ ने भागलं. मिनिटाला जेमतेम अठ्ठावन्न मिलिलिटर रक्तद्रव साफ होत होता. निरोगी तरुणाचा आकडा शंभरच्या आसपास तरी हवा.

पण गाळण एवढी मंदावली असती, तर क्रिएटिनिन रक्तात साचलं असतं, आणि रक्त तर ठणठणीत होतं. तिनं दिवसाची बेरीज केली: साडेसातशे मिलिग्रॅम. पंचाहत्तर किलोच्या धट्ट्याकट्ट्या गड्याच्या लघवीतून दिवसाला दीड हजाराच्या आसपास जायला हवं. अर्धी लघवी कॅनमध्ये आलीच नव्हती.

दीर बाहेरच्या बाकावर बसला होता.

"भाऊजी, एखादी वेळ कॅनमध्ये धरायची राहिली का?"

"छे, वहिनी! थेंबन् थेंब धरलाय."

"मग इन्युलिन नावाच्या द्रव्यावर करून बघू. ते सलाईनमधून देतात. मूत्रपिंड ते नुसतं गाळतं. परत शोषत नाही, वरून भरही घालत नाही. त्यामुळे आकडा पक्का येतो. दर अर्ध्या तासाला लघवी आणि रक्त, सगळं इथं, नर्ससमोर."

"नर्ससमोर?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दुपारनंतरची मी ओतून दिली, वहिनी."

"का?"

"नाही म्हणायला तोंड नव्हतं. वाटलं, रिपोर्टच नाही म्हणेल."

"चार महिने, भाऊजी! त्यांचे चार महिने गेले. भीती वाटते म्हणाला असतात, तर मी तुमचे पाय धरले असते का?"

ती डॉक्टरांना सगळं सांगून आली.

डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. "देणाऱ्याचं मन नसेल तर विषय संपला," ते म्हणाले. "घरी एवढंच कळेल, की दाता म्हणून जमत नाही. खरं कारण या खोलीबाहेर जाणार नाही. ताई, तुमच्या तोंडूनही नाही."

डायलिसिसच्या खाटेवर नवऱ्यानं 'जमत नाही' एवढंच ऐकून घेतलं आणि भावाला जवळ बोलावलं. "वेड्या, त्यात तुझा काय दोष?" दीर त्याचा हात धरून हमसून हमसून रडू लागला.

"अगं, याला जरा पाणी दे," नवरा म्हणाला. "किती मनाला लावून घेतलंय बघ."

ताईनं ग्लास भरला, दिराच्या हातात न देता खाटेशेजारच्या कपाटावर ठेवला, आणि आपल्या भावाला फोन लावायला बाहेर गेली.