पंचवीसपैकी तीन

माझ्या नाकावर राग असतो, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला आश्चर्य वाटायला नको. नर्सिंगच्या पोरींना मी इंग्रजी शिकवते. परदेशातल्या इस्पितळात जायचं तर आधी आमच्या क्लासची चाळणी परीक्षा पास व्हावी लागते, मग मोठ्या परीक्षेच्या यादीत नाव जातं. पोरी मला पाठीमागे छडीबाई म्हणतात. म्हणू देत. माझी तपासणी चुकत नाही, असं मी दर बॅचला पहिल्याच दिवशी सांगत आले.

माझी धाकटी जाऊ त्याच क्लासला होती. ऑपरेशन थिएटरमध्ये सात वर्षं काम, हात असा की सर्जन तिच्याशिवाय सुरू करत नाहीत. पण इंग्रजीच्या पेपरात तिला पंचवीसपैकी तीन. पासला अठरा लागतात. नापास झालेल्यांना एकच संधी असते, ती त्या दिवशी दुपारी तीनला होती, आणि यादी संध्याकाळी बंद होणार होती.

सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भाजी चिरताना दोनदा बोट वाचलं. धाकटी टेबलाशी डोकं खुपसून पुटपुटत होती, आणि तिच्या पुटपुटण्याने मला आणखीच चीड येत होती.

"मोठ्याने म्हण," मी म्हटलं. "ऐकू दे तरी."

"आय एन्जॉय टू कुक. शी डिसायडेड लीव्हिंग. द पेशंट स्टॉप्ड टू ब्रीद."

मी सुरी खाली ठेवली. "अगं, काय बोलतेयस? एन्जॉयच्या पुढे आयएनजी, डिसाइडच्या पुढे टू, हे मी तुला किती वेळा घोकून घेतलं? आणि पेशंट स्टॉप्ड टू ब्रीद म्हणजे पेशंट चालता चालता श्वास घ्यायला थांबला. त्याचा श्वास थांबला असेल तर स्टॉप्ड ब्रीदिंग. तुझ्या टेबलावरचा पेशंट काय फिरायला निघाला होता?"

ती चिडली नाही. हेच तिचं मला सहन होत नाही. तिनं वहीतून आपला जुना पेपर काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"मी ब्रीदिंगच्या चौकटीतच खूण केली होती, ताई. तुम्ही फुली मारलीय."

खरंच मारली होती. लाल, ठसठशीत, माझ्याच हातची. एन्जॉय कुकिंगवर फुली. डिसायडेड टू लीव्हवर फुली. रिमेंबर टू लॉक, म्हणजे आठवणीने कुलूप लाव, तिथं खूण बरोबर होती, तरी फुली. मी पानभर बोट फिरवत गेले, बरोबर खुणांवर फुल्याच फुल्या.

आमचा उत्तराचा कागद साधा. प्रत्येक प्रश्नासमोर दोन चौकटी, डावीकडे टू, उजवीकडे आयएनजी. तपासायला मी एक पुठ्ठा कापून घेतला आहे, बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडून. कागदावर ठेवला की भोकातून खूण दिसली तर टिक, नाही दिसली तर फुली. शंभर पेपर तासाभरात. पुठ्ठा दोन्हीकडून सारखाच पांढरा. पालथा पडला तर डावं ते उजवं होतं, आणि भोकं तरीही चौकटींवर नेमकी बसतात.

घरच्या माणसाला झुकतं माप नको म्हणून धाकटीचा पेपर मी शेवटी ठेवला होता, वाचलासुद्धा नव्हता. मधे दूध उतू गेलं म्हणून उठले. परत येऊन पुठ्ठा उचलला आणि ठेवला. कुठल्या बाजूने ठेवला, ते आता समोर दिसत होतं.

आणि मला हेही सुचायला हवं होतं की दोनच चौकटी असताना डोळे झाकून खुणा केल्या तरी बारा-तेरा मिळतात. पंचवीसपैकी तीन मिळवायला सगळं यावं लागतं. एवढं साधं गणित, आणि मी मात्र चारचौघांत तिला म्हटलं होतं की हिच्या डोक्यात भुसा भरलाय.

"तुला बावीस आहेत," मी म्हटलं. "मी पुठ्ठा पालथा ठेवला."

तिनं पेपर परत आपल्याकडे ओढला. "मी आठ दिवस या फुल्या पाठ केल्या. तुम्ही फुली मारलीत त्याच्या उलट."

"पुस्तकात बघायचं नाही का?"

"बघितलं. पुस्तकात माझंच बरोबर होतं. मला वाटलं, पुस्तक जुनं असेल."

"मग मला का नाही विचारलंस?"

"कसं विचारणार, ताई?" ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही चुकत नाही ना."

मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. पेपर घेऊन मी तशीच क्लासवर गेले, पायात दोन वेगळ्या चपला, हे वाटेत कळलं. क्लास चालवणाऱ्या सरांपुढे पेपर टाकला आणि पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली. सरांनी स्वतः मोजले. बावीस.

"तुम्ही लेखी द्या की तपासणी चुकली," ते म्हणाले. "फळ्यावर लावावं लागेल. मग नाव थेट यादीत घालतो."

मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. लिहिताना लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

दुपारी धाकटी आली, फळ्यावरचा कागद तिनं पूर्ण वाचला, आणि म्हणाली, "मी परीक्षेला बसते, सर."

"अगं, गरज नाही," मी म्हटलं. "बावीस आहेत तुला."

"आठ दिवसांपूर्वीच्या मला होते. आज मला काय येतंय ते मलाच माहीत नाही. तिकडे जाऊन पेशंटजवळ उभं राहायचंय, ताई."

सरांनी तिला बजावलं की आजचाच पेपर धरला जाईल, मागे फिरता येणार नाही. तिनं मान डोलावली आणि आत गेली.

वर्गाच्या दाराला काच होती. मी त्या बोळात किती येरझाऱ्या घातल्या देव जाणे. शिपाईकाकांनी दोनदा खुर्ची आणून दिली, दोनदा मी ती बाजूला सारली. आत तिचं पेन एका चौकटीवर जायचं, थांबायचं, दुसऱ्या चौकटीवर जायचं. तिच्या डोक्यात माझी फुली आणि तिचं स्वतःचं ज्ञान भांडत होतं, आणि मला बाहेरून काही करता येत नव्हतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं. चाळीस मिनिटं झाली. तिनं दोन ठिकाणी खोडलं, मग एकदा डोळे मिटून बसली, मग भराभर खुणा करत सुटली.

वेळ संपली तशी मी आत गेले. सवयीने हात पुढे केला. पेपर गोळा करायचं काम माझंच असतं.

ती माझ्या बाजूने वळून पुढे गेली आणि पेपर सरांच्या हातात दिला.

"सर, तुम्ही तपासा," ती म्हणाली. "आणि पुठ्ठ्याने नको. वाचून तपासा."

सरांनी एकेक वाक्य वाचून तपासलं. एकोणीस. नाव यादीत गेलं. मला इतका आनंद झाला की मी तिला जवळ घ्यायला पुढे झाले. तिनं वाकून मला नमस्कार केला, जसा बाईंना करतात, आणि उरलेल्या सहा चुका समजावून घ्यायला सरांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.