सगळ्यात लांब पर्याय

सौसरच्या त्या शाळेत सहामाहीचे पेपर तपासता तपासता रजनीबाईंनी चोर ठरवूनही टाकला. आठवीच्या विज्ञानात, वर्षभर मागच्या बाकांवर जांभया देणाऱ्या पोरांनी वस्तुनिष्ठ प्रश्नांत जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मारले होते. पेपर फुटल्याशिवाय हे व्हायचं कसं? आणि पेपर छापायचं काम एकट्या शालिकराम शिपायाचं. मोहगावचा हा माणूस रोजंदारीवर होता. एक तक्रार गेली की तो कायमचा घरी बसणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"शालिकराम, पेपर कोणाला दाखवलास?"

"कोणाले नाही दाखवला बाई. काहून असं बोलून राहिल्या?"

त्याचा आवाज कापला. बाईंना त्यातही लबाडीच दिसली. तक्रार लिहून त्या तडक मुख्याध्यापक केशवरावांकडे गेल्या.

वस्तुनिष्ठ प्रश्नांचा हट्ट मूळचा बाईंचाच. मोठ्या उत्तरांत वळणदार अक्षराला गुण मिळतात, दोन-चार धड्यांवरच सगळं भागतं, तपासणाऱ्याचा मूडही आड येतो, असं त्यांचं म्हणणं. केशवराव मात्र अडून बसले होते, "निसत्या खुणांनी पोराले समजलं का, हे कसं कळन? एकाच पेपरात दोन्ही ठेवा." बाईंनी नाक मुरडत मोठे प्रश्नही ठेवले होते.

आता तक्रार वाचून केशवरावांनी विचारलं, "मोठे प्रश्न तपासले?"

"अजून नाही."

"पहिले थे तपासा."

तपासले. त्याच पोरांची ती पानं जवळजवळ कोरी. एकाने लिहिलं होतं, 'पाने हिरवी असतात कारण ती झाडाची असतात.' बाई थबकल्या. प्रश्नांचे दोन्ही भाग तर एकाच कागदावर छापलेले. पेपर फुटला असता, तर मोठी उत्तरं पोरांनी आधी घोकली नसती?

त्यांनी त्या पोरांपैकी मनोहरला बोलावून दरडावलं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "बाई, तुमच्या चार पर्यायांत जे सगळ्यात लांब राह्यते, थेच बरोबर राह्यते. पहिल्या चाचणीपासून पाहून राहिलो आम्ही."

बाईंनी पेपर उलगडला. उत्तरात खोट निघू नये म्हणून बरोबर पर्यायाला त्यांनी दरवेळी सगळ्या अटी-शर्ती जोडल्या होत्या. चुकीचे दोन शब्दांत उरकले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तक्रार त्यांनी फाडली. शालिकरामची माफीही मागितली, सगळ्या शिक्षकांसमोर. तो "असू द्या बाई" म्हणाला आणि पाण्याचा हंडा भरायला गेला.

वार्षिक परीक्षेला त्यांनी चारही पर्याय सारख्या लांबीचे केले, कारणं विचारणारे मोठे प्रश्न आपणहून वाढवले आणि सायक्लोस्टाइल यंत्रावर चढवायची स्टेन्सिल घेऊन छपाईच्या खोलीत आल्या. शालिकराम उठून उभा राहिला. कागदाला त्याने हात लावला नाही.

"शाई भरून ठेवली बाई. हँडल तुम्हीच फिरवा. मी बाहीर बसतो."

"अहो, माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"हो बाई," तो म्हणाला, आणि दार बाहेरून ओढून घेतलं.