उणे सहा

रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘काटेकोर’ म्हणत. रंग वाळायला किती वेळ लागतो हे तो डोळ्यांत तेल घालून बघे. पण स्वतःची रजा कधी वाळून गेली, हे काही त्याला कळलं नाही.

दोष आईच्या गुडघ्याचा. ऑपरेशन नको असं सांगणारा डॉक्टर सापडेपर्यंत आईने त्याला दवाखाने पालथे घालायला लावले. प्रत्येक खेपेला एक रजा. शेवटच्या डॉक्टरांनीही पहिल्यासारखंच ऑपरेशन सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, “ठीक आहे. पण तू जवळ हवास. नाहीतर मी टेबलावर चढणार नाही.”

लागणार होते कामाचे नऊ दिवस. शिल्लक तीन.

“आगाऊ घे की,” हजेरी बघणाऱ्या मॅडम चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या. “महिन्याला दीड दिवस रजा जमा होते. सहा दिवस उणे जा, चार महिन्यांत फिटेल.”

काटेकोरचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी संगणकावर आकडे घातले आणि तोंड वाकडं केलं.

“अरे, तुझा करार दोनच महिने उरलाय! तेवढ्यात जमा होणार तीन. त्याच्या पुढचं देता येत नाही.”

“मुदतवाढ मिळणारच आहे ना?”

“साहेबांना विचार. तीन आठवडे त्यांच्याकडे पडलीय.”

साहेबांच्या दारात तो घुटमळला. मुदतवाढ मागितली आणि साहेब नको म्हणाले, तर रजाही जाणार आणि नोकरीही. एवढ्यात मागून मॅडमच आत घुसल्या.

“साहेब, याच्या आईचं ऑपरेशन आहे. आगाऊ रजा हवीय.”

“द्या की!” साहेब उदार झाले. “माणुसकी म्हणून काही आहे की नाही? मंजूर!”

“संगणक माणुसकी घेत नाही, साहेब. करार संपल्यावर रजा जमा होत नाही. आधी मुदतवाढ.”

“मग करा ना, कोण अडवतंय?”

मॅडमनी साहेबांच्या चहाची बशी उचलली. खाली मुदतवाढीचा कागद होता, मधोमध गोल डाग पडलेला. साहेबांनी डागाच्या आत सही केली.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, “आता चार महिने राजीनाम्याचं नाव काढायचं नाही. मधेच गेलास, तर उरलेले दिवस शेवटच्या पगारातून कापीन.”

“कुठे जातोय मी!” तो हसत सुटला.

संध्याकाळी त्याने आईला सांगितलं, “रजा मिळाली. नोकरीही वाढली वर्षभर.”

“बघ! माझ्या गुडघ्याचा पायगुण.”

“पण मी आता उणे सहा आहे, आई.”

“असू दे रे,” आईने दुसऱ्या पायावर तेल चोळत म्हटलं. “डॉक्टर म्हणाले, हा दुसरा गुडघाही फार दिवस टिकायचा नाही.”

काटेकोरने मनातल्या मनात हिशेब मांडला आणि आईच्या पायाशीच बसला.

“गुडघ्याला म्हणावं, जरा दमानं घे. चार महिन्यांनी मी नुसता शून्यावर येतोय.”