फुकटची खाट

नवरा मोबाइल नाचवत समोर आला, तेव्हाच ती समजली की आज काहीतरी खूळ डोक्यात शिरलंय. महिन्यातून चार वेळा ही दोघं बस स्टँडसमोरच्या याच खानावळीत भेटत. तिच्या हॉटेलच्या स्टाफ क्वार्टरमध्ये पुरुषाला बंदी, त्याच्या कारखान्याच्या वसतिगृहात बाईला बंदी. लग्नाला अकरा वर्षं झालेली नवराबायको, पण बसायला हक्काची जागा म्हणजे खानावळीतलं खिडकीजवळचं टेबल. तेही काही मागवलं तरच. मालक चांगला माणूस, पण तासाभराने फडका घेऊन टेबल पुसायला यायचाच.

"अगं, आमच्याकडे बायकांची भरती निघाली. पॅकिंगला. एकवीस हजार!" फिटर म्हणाला. तो कारखान्यात फिटर होता आणि आता तिच्याही बोलण्यात तो फिटरच झाला होता. "राहणं-जेवण फुकट. तुला तिथे सतरा मिळतात. महिन्याला चार हजार जास्त, म्हणजे वर्षाला..."

"फुकट म्हणजे कापून की न कापता?"

"कापतात थोडंसं. सगळीकडेच कापतात."

"मग फुकट कसलं डोंबलाचं?"

ती हॉटेलच्या लिनन रूममध्ये होती. चादरी, अभ्रे, टॉवेल मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे. दोन वर्षांत तिला मोजण्याची अशी काही सवय लागली होती की समोरच्याने आकडा सांगितला की खरंच तेवढं आहे का ते बघायला तिचा हात आपोआप ढिगाखाली जायचा. तिच्या सतरा हजारांतून खोलीचे दोन हजार, जेवणाचे अठराशे आणि फंडाचे तेराशे जात. हातात अकरा हजार नऊशे. शिवाय पाळी तुटक. सकाळी सात ते अकरा, मग संध्याकाळी सहा ते दहा. मधले सात तास म्हणे तुमचे. त्या सात तासांत करायचं काय, तर सहा जणींच्या खोलीत पंख्याकडे बघत पडायचं.

आणि त्यांची चिमी, नऊ वर्षांची, तिच्या मावशीकडे. कारण क्वार्टरमध्ये मूल चालत नाही आणि वसतिगृहात तर नाहीच नाही. मावशीला महिन्याला चार हजार पाठवायचे. ती बिचारी मागत नव्हती, पण तिचा नवरा महिन्याच्या दोन तारखेला बरोब्बर फोन करून "तब्येत कशी आहे?" विचारायचा. आता पुढच्या महिन्यात शाळा सुरू होणार होती आणि मावशीने शेवटी तोंड उघडून विचारलं होतं: ताई, यंदा इथल्या शाळेत नाव घालू की तू नेतेस? वीस तारखेपर्यंत सांग. आज अठरा होती.

"चल, बघून तरी येऊ," फिटर म्हणाला. "भरतीवालीला मी सांगून ठेवलंय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू आली असतीस का?"

यावर काय बोलणार! गेली.

कारखान्याच्या फाटकातच फिटरला थांबवलं. बायकांच्या वसतिगृहात पुरुष नको. वॉर्डनबाई चावीचा जुडगा वाजवत तिला आत घेऊन गेली. बाई बोलायला गोड होती आणि विचारलेलं तेवढंच सांगत होती. म्हणून हिने सगळंच विचारलं.

एकवीस हजार कसे? तर आठ तासांचे तेरा हजार. रोज चार तास ओव्हरटाइम, तोही साध्याच दराने, त्याचे साडेसहा हजार. आणि महिन्यात एकही खाडा नाही झाला तर हजेरीचे दीड हजार. वसतिगृहाचे दीड हजार कापतात, मेसचे दोन हजार सातशे, फंड वेगळा. बूट आणि गणवेशाचे पहिले तीन महिने नऊशे-नऊशे.

"मेसमध्ये नाही जेवलं तर?"

"तरी कापतात. डबा तुमच्या नावाने शिजतो ना."

"आणि आजारी पडले तर?"

"त्या दिवसाचा पगार जातो, हजेरीचे जातात. खोलीचे आणि मेसचे मात्र कापतातच. खोली कुठे आजारी पडते?" बाई स्वतःच हसली.

फाटक रात्री नऊला बंद. सुट्टीच्या दिवशी बाहेर जायचं तर पास. पाहुणे फाटकाबाहेर. हिने मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली. पंधरा हजारांच्या थोडं वर हातात आणि एक दिवस ताप आला की तेरा. म्हणजे रोज चार तास जास्त राबून, तापाच्या महिन्यात हॉटेलपेक्षा जेमतेम अकराशे जास्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

खोली मात्र स्वच्छ होती. आठ लोखंडी खाटा, भिंतीशी लॉकर. ती सवयीने मोजत गेली आणि थबकली. लॉकर सोळा होते. तिने जवळच्या खाटेवर हात ठेवला. गादी गरम होती. उशीच्या अभ्र्यावर दोन वेगवेगळ्या तेलांचे डाग होते, एक मधोमध, एक कडेला. अभ्रे बघण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"बाई, एका खाटेवर दोघी?"

"एका वेळी नाही हो! दिवसपाळीवाली गेली की रातपाळीवाली झोपते, आत्ता त्या जेवायला गेल्यात. खाट रिकामी कशाला ठेवायची?"

"आणि पैसे दोघींचे अर्धे-अर्धे?"

वॉर्डनबाईने चावीचा जुडगा दुसऱ्या हातात घेतला. "दोघींचे पूर्ण. नियम आहे."

ती तडक बाहेर आली. फिटर फाटकाशी आनंदाने उभा होता, पोरीला बघायला आलेल्यांनी होकार दिल्यासारखा.

"आवडली ना?"

"तुमच्या खाटेवर दुसरं कोण झोपतं?"

फिटर चपापला. "तो... लेथवाला. रातपाळीचा. चांगला आहे बिचारा, घोरत नाही."

"तो घोरतो की नाही हे तुम्हाला कसं कळणार, तो झोपतो तेव्हा तुम्ही कामावर असता! त्याचेही दीड हजार कापतात?"

"सगळ्यांचेच कापतात."

"आणि दोन वर्षं तुम्ही मला सांगत होतात की खाट आहे, काय वाईट आहे! अहो, अर्ध्या खाटेचं पूर्ण भाडं देताय तुम्ही!"

रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. तिला आता लोकांचीही पर्वा नव्हती. फाटकाशेजारच्या कठड्यावर ती बसली आणि वॉर्डनबाईने दिलेल्या भरतीच्या कागदाच्या पाठीवर लिहायला लागली. तुमचे खोली-मेसचे बेचाळीसशे. माझे अडतीसशे. झाले आठ हजार. मावशीचे चार. आणि आपण चारदा भेटतो, बस आणि खानावळ धरून दर वेळी चारशे, म्हणजे सोळाशे. एकूण तेरा हजार सहाशे.

"आता घ्या दुसरी बाजू. बाहेर एक खोली साडेपाच हजार. माझ्या धोबीखात्यातली बाई राहते त्याच चाळीत एक रिकामी आहे. तिघांचं जेवण साडेसहा. बसचे पास चौदाशे. लाइट सहाशे. चौदा हजार. फुकटात राहून तेरा हजार सहाशे घालवतो आणि घर करून चौदा लागतात. चारशेचा फरक! चारशेसाठी आपण दोन वर्षं पोर दुसऱ्याच्या दारात ठेवली!"

फिटरने कागद उलटा-सुलटा केला. इथेच घोडं पेंड खाणार हे तिला माहीत होतं.

"पण ओव्हरटाइम?" तो म्हणाला. "आत राहणाऱ्याला आधी बोलावतात. बाहेर गेलो की ते अडीच हजार गेले. बचत पाचावरून दोनावर येईल."

ते खरं होतं. आणि तिलाही सरळ पाळी मागावी लागणार होती, सात ते तीन. त्यात संध्याकाळच्या टिपांचा वाटा नाही. ते तिने कागदावर मुद्दाम लिहिलं नव्हतं. आता लिहिलं, आठशे. दोनाचे बाराशे झाले.

"बघ," तो म्हणाला. "बाराशे! आधी लाखभर साठू दे. मग खोली."

"आत्ता किती साठलेत?"

"अठ्ठावन्न हजार."

"ही बचत कशासाठी चालली आहे?"

"खोलीसाठी."

"अनामत किती?"

"तीन महिन्यांची. साडेसोळा."

तिने डोक्याला हात लावला. "म्हणजे खोलीसाठी साठवायचं आणि साठवण कमी होईल म्हणून खोली घ्यायची नाही! अहो, अनामत वर्षापूर्वीच जमली होती! तुमचा लाख झाला की तुम्ही दीड म्हणणार. तोवर चिमी लग्नाला येईल, आणि तिच्या लग्नातही आपण खानावळीत भेटू!"

फिटर बराच वेळ बुटाने माती उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला भीती वाटते गं. इथे काही झालं तरी दोन वेळचं ताट समोर येतं. बाहेर काम गेलं तर?"

"इथे काम गेलं तर खाट त्याच दिवशी जाते. ताटही जातं. बाहेर निदान महिन्याचं भाडं भरलेलं असतं."

हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं असं त्याने तोंड केलं. तिचा राग उतरला नाही, पण आवाज उतरला. हा माणूस चुकीचा नव्हता, घाबरट होता, आणि तीही दोन वर्षं घाबरटच होती. नाहीतर ती कधीच लिहायला बसली असती.

वसतिगृह सोडायचा अर्ज वीस तारखेच्या आत दिला नाही, तर पुढच्या महिन्याचेही कापतात. दोन्ही वसतिगृहांचे फॉर्म वॉर्डनबाईकडेच असत; तिनेच तो दिला, चेहरा न बदलता. फिटरने सही केली. कारणाच्या रकान्यापाशी अडला, म्हणून तिने पेन ओढून घेतलं आणि लिहिलं: घरी राहायचं आहे.

मग तिने तिथूनच बहिणीला फोन लावला. यंदा तिकडे नाव घालू नकोस, सांगितलं. बहीण म्हणाली, "थांब, तिलाच सांग." फोन चिमीकडे गेला.

"चिमे, आम्ही खोली घेतोय. तू येणार आमच्याकडे."

"किती दिवस?"

"कायमची गं."

चिमीने दबक्या आवाजात, मावशीला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "आई, मग तिकडे माझ्या जेवणाचे कोण देणार?"

फिटर बाजूलाच उभा होता. त्याने ऐकलं आणि तोंड फिरवलं. एवढा वेळ कागदभर आकडे लिहिणाऱ्या बाईला स्वतःचाच एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "आपल्या घरी जेवणाचे घेत नाहीत."

"नक्की?"

"नक्की. कपडे भर तुझे."