मनकर्णाबाईंचं मनगट

मले काम शिकवणाऱ्या गिऱ्हाइकाले मी पायरी दाखवतो. पण मनकर्णाबाईंनी चौथीत माझा कान पिळला होता, म्हणून गप बसलो.

बाई रिटायर होणार होत्या. आदिलाबादच्या त्यांच्या शाळेत भिंतीवर त्यांचा फोटो लागणार होता. माझ्या स्टुडिओत खुर्चीवर बसवून मी तो काढला. हात मांडीवर, अन् डाव्या मनगटावर हिरवं गोंदण: रामाजी.

रामाजी म्हणजे नवरा. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी बेल्लमपल्लीले गेला अन् तिकडंच दुसरीसंगं नांदला. ती वारली, तसा चाळीस वर्षांनी हा बाप्या परत आला. चहाच्या टपरीवर सांगत फिरे, "तिच्या हातावर माहं नाव हाये. निरोपाले शेजारी मीच बसणार, अन् मग घरीबी."

"बाई, पदर घ्या ना वरून," मी म्हणालो.

"झाकलं म्हणजे खाली हाये असं होते. मिटव."

कंप्युटरवर बाजूची गुळगुळीत कातडी उचलून मी नावावर चिकटवली. पाच मिनिटांत नाव साफ. मी ऐटीत स्क्रीन फिरवली.

"सुधाकर, हा हात हाये का पाण्याचा पाइप? घड्या कुठं गेल्या? तव्याचा डाग? कोणीबी म्हणंल, पुसलं. मले सोळा वर्षांचा हात नको. त्याच हातानं तर नाव गोंदून घेतलं होतं."

मी मूळ फोटो परत उघडला. त्यावर एक वेगळा थर चढवून त्यात आजूबाजूच्या कातडीचा नुसता रंग देऊन हिरवेपणा मारला. मग शाईनं जेवढं काळं केलं होतं, तेवढंच हळूहळू उजळलं. खालची छिद्रं अन् लव तशीच राहिली. जिथं अक्षरानं घडी गिळली होती, तिथं दोन्ही टोकं पकडून सावलीसकट घडी परत जोडली. डागाले हातच लावला नाही. पूर्ण दोन दिवस गेले, डोळे फुटायची वेळ आली. बाई पाहून नुसत्या "हं" म्हणाल्या. मले पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

कार्यक्रमात बाई पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून आल्या. फोटोवरचा पडदा सरकला, तसा रामाजी न बोलावता उठला. "पाहा मंडळी, हातावर कोणाचं नाव हाये ते!"

सगळ्यांनी पाहिलं. रामाजीनं चष्मा लावला, फोटोच्या काचेले नाक टेकवलं.

"डाग तोच," तो पुटपुटला. "घड्याबी खऱ्या. हात तर मनकर्णेचाच हाये. मग माहं नाव कुठं गेलं?"

बाई खुर्चीवरून हलल्याबी नाहीत.

"तुमी कुठं गेले, हे मी चाळीस वर्षं शोधलं. आता तुमी शोधा."